समोरच्या खोलीचं वेळापत्रक

आमच्या फुलेवाडीच्या घरात, समोरच्या खोलीत, दोन वर्षं बेचाळीस पोरं बसायची. दिसायचं त्यातलं एकही नाही. पण त्या खोलीतून सरळ आरपार चालत जायची माझी छाती नव्हती, आणि आईची तर नव्हतीच. चहाचा कप घेऊन ती भिंतीला पाठ घासत कडेकडेनं जायची, मधे बाकं मांडलीत असं समजून. मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं, मोकळी फरशी आहे की समोर." तर माझ्यावरच डोळे वटारून म्हणाली, "गप. तास चाललाय."

हे सगळं मी केलं. दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही. मी, माझा संगणक आणि टेबलावरचा तो प्रिंटर.

आबा म्हणजे माझे वडील. गणित-भूगोलाचे मास्तर. पहिली काही वर्षं शिरोळ तालुक्यातल्या एका गावात काढली, बाकी सगळी नोकरी कोल्हापुरात. शाळेचं वेळापत्रकही वर्षानुवर्षं त्यांनीच केलं. जून उजाडला की मोठी कार्डशीट जमिनीवर अंथरायची, पट्टीनं चौकटी आखायच्या आणि रंगीत पेन्सिलीनं भरायच्या. गणित गुलाबी, भूगोल हिरवा, खेळ निळा. आम्ही पोरं शीटवर पाय पडेल म्हणून चार दिवस परसातून ये-जा करायचो. पुढं मीही मास्तरीण झाले, माझं लग्न मोडलं, मी परत त्याच घरात आले. लग्नाचं मला कुणी काही विचारलेलं खपत नाही, म्हणून इथंही सांगत नाही.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. आबांना आठवेनासं व्हायला लागलं. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग वार. निवृत्त होऊन जमाना झालेला, तरी सकाळी दहा वाजले की इस्त्रीची पँट चढवून दारात उभे. "तास हाय पहिला. उशीर व्हतोय." मी माझ्या शाळेत गेलेली. घरात आई एकटी. ती हाताला धरून आत आणायची, ते परत दारात. एकदा पाणंदीच्या कोपऱ्यावर सापडले, एकदा चौकात. रस्ता कसला, ट्रक आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला. आई मला एकच म्हणायची, "एक दिवस मास्तर जात्याल आणि परत यायचं न्हाईत. मग मी काय करू?" मला सगळ्यात भीती ह्याचीच होती, आणि तिलाही.

त्या जूनमध्ये आमच्या शाळेचं वेळापत्रक माझ्या गळ्यात पडलं. मुख्याध्यापक म्हणाले, "तुमच्या रक्तातच आहे की बाई." रक्तात काय डोंबल! मी घरच्या संगणकावर तक्त्याचा प्रोग्रॅम उघडला, सहा दिवसांचे सहा रकाने, तासांच्या आठ ओळी आखल्या, आणि एका इयत्तेचा नमुना छापून बघितला. कागद टेबलावर ठेवला आणि चहा घ्यायला आत गेले. परत आले तर आबा खुर्चीत बसलेले, कागद मांडीवर. कितीतरी दिवसांनी त्यांचे हात थरथरत नव्हते. बोट बुधवारच्या चौथ्या तासावर.

"एकच शिक्षक दोन वर्गांवर घातलाय," ते म्हणाले. "असं करू नये."

दुसऱ्या वर्गाचं वेळापत्रक मी छापलेलंच नव्हतं. ते फक्त संगणकात होतं, आणि संगणकाला आबांनी जन्मात हात लावला नव्हता. मी आत बघितलं. खरंच बुधवारी चौथ्या तासाला त्याच बाई नववीवर आणि दहावीवर होत्या.  मागं कधी मीच बडबडले असेन आणि त्यांनी ऐकलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. आजही तीच घालते.

मग त्यांनी कागद उलटसुलट केला. चेहरा पडला. "माझे तास कुठं आहेत?"

मी कागद परत घ्यायला हात पुढं केला. त्यांनी सोडला नाही.

"मी अतिरिक्त ठरलो का?"

मास्तराच्या घरातल्या माणसाला हा शब्द काय असतो ते विचारा. वेळापत्रकात नाव नाही म्हणजे शाळेला तुमची गरज नाही, आता उचलतील आणि जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला टाकतील. आबांच्या डोळ्यात पाणी आलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "तुमचं वेगळं आहे आबा. करतेय." आणि रविवारी दुपारी बसून मी त्यांचं आठवड्याचं वेळापत्रक केलं. आठवी अ, गणित. आठवी अ, भूगोल. शुक्रवारी शेवटचा तास खेळ. रंग त्यांचेच घातले. वर लिहिलं, "वर्ग: समोरची खोली."

सोमवारी त्यांनी तो कागद वाचला, समोरच्या खोलीत गेले आणि शिकवायला लागले. आई म्हणाली, दिवसभरात एकदासुद्धा दाराकडं बघितलं नाही. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. मी शाळेत असताना मोकळा श्वास घ्यायला लागले, आणि शनिवारी तोंडावर आपटले.

शनिवार आमच्याकडं सकाळची शाळा. अकरा वाजता सुटून घरी आले तर आई रस्त्यात उभी, पदर डोक्यावरून घसरलेला. आबा गेले होते. शेजारीपाजारी, रिक्षावाले, सगळे धावले. दीड तासानं ते स्टँडवर सापडले, कुरुंदवाडच्या, म्हणजे शिरोळकडच्या, गाडीत खिडकीशी बसलेले, गाडी सुटायला दोन मिनिटं. मांडीवर पिशवी, पिशवीत खडू आणि माझं वेळापत्रक.

"शनिवार नाही यात," ते मला शांतपणे म्हणाले. "बदली झाली माझी. जुन्या शाळेत हजर व्हायला हवं."

मी कागद बघितला. सोमवार ते शुक्रवार पाच रकाने, आणि शुक्रवारनंतर पांढरी कड. शनिवार कुठं गेला? संगणकात होता. छापताना शेवटचा रकाना पहिल्या पानात मावला नाही, तो दुसऱ्या पानावर सरकला. प्रिंटरमध्ये कागद एकच होता. दुसऱ्यासाठी त्यानं लाल दिवा लुकलुकवला आणि मी "काय कटकट आहे" म्हणून बटण बंद करून टाकलं. पाच दिवस मी त्या कागदासमोरून गेले आणि मला कळलं नाही. त्या दिवशी आईसमोर मी स्वतःला काय काय शिव्या दिल्या ते लिहिण्याजोगं नाही.

सोमवारी शाळेतल्या संगणकाच्या सरांना गाठलं. सर शांत माणूस. म्हणाले, "बाई, तक्ता जसाच्या तसा छापू नका. पीडीएफ करा. पान आडवं ठेवा, माप ए-फोर, आणि सगळा तक्ता एका पानात बसव म्हणून सांगा. मग छापायच्या यादीत खऱ्या प्रिंटरऐवजी पीडीएफवाला निवडायचा. जी फाईल होईल ती उघडून खाली बघा, एकापैकी एक पान असं दिसलं पाहिजे. ते दिसल्याशिवाय कागद घालू नका." मराठी अक्षरंही फाईलच्या पोटात बसतात म्हणे, दुसऱ्या संगणकावर नेली तरी त्यांचा कचरा होत नाही.

मी तसं केलं. एकापैकी एक. तरी पहिल्या छपाईत शनिवारच्या उजवीकडची रेघ उडाली. तेव्हा कळलं की घरचा प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत जातच नाही, आणि जी कड शेवटी बाहेर येते तिथं तर बोटभर जागा सोडतो. आडव्या पानाची ती बाजू नेमकी शनिवारची. मग समास वाढवले. आधी मी रंगही भडक भरले होते. कागद शाईनं ओला होऊन पापडासारखा वळायचा आणि अक्षरं बुडायची. मग रंग फिके केले, अक्षरं काळी आणि जाड. चौथ्या कागदाला ते पान असं निघालं की मीच बघत बसले.

आणखी एक सोय झाली. आई पुसायला गेली की तिचा हात कळफलकावर पडायचा आणि तक्त्यात काहीतरी हलायचं. पीडीएफमध्ये ती भीती नाही. मी ती फाईल पडद्यावर समोरच ठेवली आणि आईला शिकवलं: ह्याच्यावर दोनदा टिचकी, मग हे प्रिंटरचं चित्र, मग ठीक. आबा कधी कागद फाडायचे, कधी चहात भिजवायचे, तर आई नवा काढून द्यायची. तिला त्याचा भारी अभिमान. शेजारणीला सांगायची, "मी कापी काढतीया मास्तरांची."

मग शाळा नीट भरायला लागली.

आई ताटावर लाटणं हाणून घंटा द्यायची. आबा हजेरी घ्यायचे, नावानं नाही, नंबरानं. एक, दोन, तीन. प्रत्येक नंबरानंतर थांबायचे, मान हलवायचे, पुढं जायचे. सतरा नंबरला मात्र दोनदा हाक मारायचे, मग पेन्सिलनं खूण करायचे. रोज सतराच गैरहजर. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी असताना हे दार आड करून ऐकायची. प्रश्न विचारायचे, उत्तराला वेळ द्यायचे आणि खिडकीजवळच्या कोपऱ्याकडं बघून म्हणायचे, "बरोबर." कोपऱ्यात काय होतं? पाण्याची घागर. मी बघून यायची. दर वेळी बघून यायची, आणि दर वेळी स्वतःचा राग यायचा.

एका दुपारी हजेरी चालली होती. पंधरा, सोळा, सतरा. आबा थांबले. दाराकडं बघितलं. मी त्याच दारात उभी होते. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर होती.

"आलास? किती दिवस! बस जागेवर."

आणि मी बाजूला सरकले. अहो, कुणी सांगितलं नाही मला, पायच सरकले. ते पोर आत जाईपर्यंत मी चौकटीला चिकटून उभी होते. त्या दिवसापासून बेचाळीसच्या बेचाळीस हजर.

घंटा देते म्हणून आई त्यांच्या लेखी शाळेतली शिपाई मावशी झाली. "मावशी, खडू." "मावशी, पाणी." आई हसायची. "बरं झालं, पर्मनंट केलं मला." मला ते बाई म्हणायचे, अहोजाहो करायचे. घरात आयुष्यभर हाय-न्हाय बोलणारा माणूस, वर्गात मात्र पुस्तकातलं बोलायचा.

शाळा सुटली की नवीन घोर. शेवटची घंटा झाली की ते पिशवी उचलून घरी निघायचे. घरी! आता घराची शाळा झाली म्हटल्यावर घर कुठं शोधायचं? मी शाळेतून धावत यायची आणि म्हणायची, "चला सर, मी पण तिकडंच निघालेय." पुढच्या दारानं बाहेर पडायचं, गल्लीला वळसा घालायचा आणि परसातून मागच्या दारानं आत शिरायचं. मागचं दार म्हणजे घर. उंबरा ओलांडला की खांदे उतरायचे, आवाज बदलायचा. "काय केलंयस गं? भूक लागलीया." आई तव्यावरून मागं वळून म्हणायची, "आलासा? हातपाय धुवा." ह्या एका वाक्यासाठी ती दिवसभर मावशी व्हायची. ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही. मला दिसायचं.

दुसऱ्या पावसाळ्यात एका मंगळवारी प्रिंटरनं घात केला. सकाळच्या गडबडीत मी नवं पान काढलं, खिळ्याला अडकवलं आणि पळाले. भूगोल जरा आकाशी दिसतोय असं वाटलं होतं. म्हटलं, फिका आला असेल. शाईच्या डबीत तीन रंग असतात, त्यातला पिवळा संपला होता. पिवळा नाही तर हिरवा कुठनं येणार? नुसता निळा उरला. आणि निळा म्हणजे खेळ.

खेळाच्या तासाला, म्हणजे शुक्रवारी, आई आधी फाटकाला कुलूप घालायची आणि मग सगळा वर्ग परसात न्यायची. त्या दिवशी मंगळवार होता, तिसरा तास, आई न्हाणीत. तिनं बाहेर येऊन बघितलं तर खोली रिकामी, फाटक सताड उघडं.

पुढचं मला आईनं आणि कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं सांगितलं. आबा रस्त्याच्या मधोमध उभे होते. एक हात वर, दुसऱ्या हातानं खूण, चला, चला, ओळ मोडू नका. दोन्ही बाजूंना गाड्या थांबलेल्या. पुढं ट्रॅक्टर, मागं दुचाक्या. हॉर्न नाही, शिवी नाही. कोल्हापुरात! आई पळत जवळ गेली तर त्या रिक्षावाल्यानं तिलाच हातानं थांबवलं. "जाऊ द्या की मावशी पोरं." आबांचे ओठ हलत होते, ते मोजत होते. बेचाळीस झाल्यावर त्यांनी हात खाली घेतला आणि मग गाड्या सुटल्या. रिक्षावाला मला नंतर म्हणाला, "बाई, खोटं न्हाई सांगत. मला बी वाटलं शेवटचं पोरगं जाईस्तवर थांबावं."

आईनं त्यांना घरी आणलं. मी आल्यावर ओरडले. चिडले की माझं भान सुटतं. कागद त्यांच्या डोळ्यासमोर धरला आणि म्हटलं, "आबा, भूगोल लिहिलंय इथं. मोठ्या अक्षरात. वाचता येत नाही?"

त्यांनी कागद हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग ओशाळून, एखाद्या पोरानं म्हणावं तसं म्हणाले, "रंग बघतो मी."

अक्षरं गेली होती. कधी गेली कुणास ठाऊक. माझ्या एवढ्या जाड काळ्या अक्षरांना त्यांच्या लेखी काहीच अर्थ नव्हता. त्यांना घरात धरून ठेवत होते ते फक्त तीन रंग आणि त्यांची जागा. मी मागं वळून स्वयंपाकघरात गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

मग सगळं पान नव्यानं केलं. खेळाच्या चौकटीला जाड दुहेरी रेघ घातली, म्हणजे रंग गेला तरी ती वेगळी दिसावी. पानाच्या तळाला तिन्ही रंगांची एक पट्टी ठेवली. आईला सांगितलं, कापी काढलीस की आधी खालची पट्टी बघायची. गुलाबी, हिरवा, निळा. तिन्ही दिसले तरच भिंतीवर. नवीन शाईची डबी कपाटात जास्तीची ठेवली.

आबा त्यानंतर एकदाही एकटे बाहेर गेले नाहीत. ज्या गोष्टीसाठी हा सगळा आटापिटा केला ती साधली. त्या दिवाळीनंतर मात्र एका संध्याकाळी आम्ही गल्लीचा वळसा घालून मागच्या दारानं आत आलो. आईनं वळून म्हटलं, "आलासा? हातपाय धुवा." आबा उंबऱ्यात थबकले. तिच्याकडं बघत म्हणाले, "मावशी, तुम्ही अजून घरी गेला नाहीत?"

आई तवा उतरायला विसरली. भाकरी जळाल्याचा वास घरभर झाला.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आता मागच्या दारानंही शाळाच यायची. जेवताना ते आईला म्हणायचे, "मावशी, तुमच्या घरचे वाट बघत असतील." मी आईला म्हटलं, बंद करूया हे, वेळापत्रक काढून टाकते. तर ती कडाडली. "आणि रस्त्यावर जाऊ दे मास्तरांना? अक्कल हाय का तुला?" मग दोन दिवस घंटा, खडू, पाणी तेवढंच केलं. तिसऱ्या दिवशी मी संगणकावर बसलेले असताना मागं येऊन उभी राहिली.

"माझा एक तास टाक त्यात."

"कसला तास?"

"कसला बी. दिवसातनं एकदा त्यांनी माझ्यासंगं बोलाय पायजे. खडू-पाणी सोडून."

 शाळेत बाहेरच्या बाईशी मास्तर नीट खुर्चीत बसून बोलतो तो एकच प्रसंग. मी रोजच्या सातव्या तासाला गणित काढलं आणि लिहिलं, पालक भेट. रंग विचारला तर आई म्हणाली, "अबोली." तो फिका अबोली जुळवायला मला अख्खी दुपार लागली. पडद्यावर झकास दिसायचा आणि कागदावर गुलाबीच्या जवळ जायचा, आणि गुलाबी म्हणजे गणित. शेवटी पिवळा वाढवत वाढवत जुळला. तळाच्या पट्टीत चौथा रंग आला. एकापैकी एक. सोमवारी पान लावताना मी आबांना दाखवलं. "सर, हा नवीन तास. ह्या रंगाला पालक भेटायला येणार." त्यांनी बोट ठेवलं आणि गंभीरपणे मान डोलावली. वेळापत्रक बदललं की मास्तर कुरकुरतो, पण पाळतो.

त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. सहाव्या तासाची घंटा देऊन आई आत गेली, इरकली नेसली, केस चापून बसवले आणि पुढच्या दारातून आली. मी स्वयंपाकघराच्या पडद्याआड.

"येऊ का सर?"

"या, या. बसा." आबांनी वर्गाकडं वळून बोट ओठांवर ठेवलं, आणि खोली खरोखर शांत झाली. मला ती शांतता ऐकू आली. काय सांगू, आली.

आई खुर्चीच्या टोकावर बसली.

"मुलगी ना तुमची? हुशार आहे," आबा म्हणाले. "पण तापट. घरी कुणी अभ्यास घेतं का?"

"तिचं वडील घेत्यात."

"काय करतात ते?"

"मास्तर हायत."

"अरे वा. मग ते कधी आले नाहीत भेटायला."

 मला वाटलं, आई उठते आता. ती उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "रोज शाळंत जात्यात. घरी आलं न्हाईत अजून."

"तुम्ही वाट बघता?"

"बघतीया की."

"कुठल्या शाळेत आहेत?"

"ह्याच."

आबा उठले. खिळ्यावरचा कागद काढून आणला, टेबलावर पसरला आणि बोट खाली खाली नेलं. सातवा अबोली. त्याच्या खाली आठवा, गुलाबी. ते त्या गुलाबी चौकटीकडं बघत राहिले.

"शेवटचा तास लावलाय त्यांना. म्हणून उशीर होतो." मग जरा रागानंच विचारलं, "वेळापत्रक कुणी केलं हे?"

आईनं माझ्याकडं, पडद्याकडं बघितलंही नाही. "तुम्हीच करता की सर. लई वर्सं झाली."

आबांनी चष्मा काढला. नुसत्या डोळ्यांनी तिच्याकडं बघितलं. ओळखलं असं मी म्हणणार नाही, कारण ओळखलं नव्हतं.

"मग चूक माझी," ते म्हणाले. "माफ करा."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि सोमवार ते शुक्रवार, पाचही दिवसांच्या आठव्या तासावर काट मारली. मला हाक दिली, "बाई, नवीन प्रत काढा. ह्यांच्या मालकांना आजपासून लवकर सोडायचं." मी डोळे पुसत बाहेर आले, संगणक लावला, शुक्रवारचा खेळ सहाव्या तासाला घेतला, शेवटची ओळ काढून टाकली आणि पान काढलं. आईनं ते हातात घेऊन आधी खालची पट्टी तपासली, चारही रंग. मग कागद छातीशी धरून मला हळूच म्हणाली, "पस्तीस वर्सांत एकदा बी लवकर आलं न्हवतं गं."